भिंतीवरची तिसरी ओळ

माझी सून इंग्रजी शिकवते. मला इंग्रजी येत नाही. मी चौथी शिकले, अंजनगाव सुर्जीजवळच्या खेड्यात, आणि पाचवीला बाहेरगावी जावं लागत होतं म्हणून शाळा सुटली. त्याचं मला कधी फार वाईट वाटलं नाही. पण चौथीपर्यंत जे शिकवलं ते पक्कं शिकवलं होतं, एवढं मात्र खरं.

सून साताऱ्याकडची. लग्न होऊन अकोल्याला आली तेव्हा आमच्या बोलण्याला हसायची. 'मले' म्हटलं की तोंडाला पदर लावायची. मी एकदा म्हटलं, "हसू नको वं. तुह्या 'मला'ले कोन सोन्याचा पत्रा लावला?" त्यानंतर ती समोर हसली नाही. माझा मुलगा परतवाड्याला नोकरीला, शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. म्हणजे घरात आम्ही दोघीच. बरं चाललं होतं. फार गोड नाही, फार कडू नाही.

ती एका खाजगी शाळेत तासिकेवर होती. तासिकेवर म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचेच पैसे. शाळेच्या यादीत नाव नाही, उन्हाळ्यात घरी बसा, जूनमध्ये पुन्हा विचारायला जा. अशी सात वर्षं तिनं काढली. त्या वर्षी शाळेत इंग्रजीची एक जागा कायमची भरायची होती. पुढच्या वर्षी तिचं वय निघून जाणार होतं, म्हणजे नंतर जागा निघाली तरी तिला अर्ज करता आला नसता. जागा कोणाला द्यायची हे संस्थेचे लोक ठरवणार, पण ते विचारणार मुख्याध्यापकांना. म्हणून मुख्याध्यापक म्हणतील ती पूर्व दिशा.

त्या मुख्याध्यापकांनी शाळेच्या वऱ्हांड्यातल्या भिंतीवर ऑइलपेंटनं एक तक्ता रंगवला होता. स्वतःच्या हातानं, नोकरीला लागले त्या काळात. प्रथमेपासून संबोधनापर्यंत आठही विभक्त्या एकीखाली एक, आणि प्रत्येकीसमोर तिचं इंग्रजी. प्रथमेपुढं नुसती रेघ. दुसरी ओळ 'ला' म्हणजे टू. तिसरी ओळ 'ने' म्हणजे बाय. चौथी पुन्हा 'ला', म्हणजे टू नाहीतर फॉर. मग 'ऊन, हून' म्हणजे फ्रॉम, 'चा, ची, चे' म्हणजे ऑफ, 'त' म्हणजे इन. शेवटी हाक मारायची तर 'ओ'. प्रार्थना झाली की सगळी शाळा हा तक्ता म्हणायची. चालीत. रस्त्यावरून जाणाऱ्यालासुद्धा पाठ होईल असं.

आमच्या घरी दुपारी चारनंतर आठवीची आठ-दहा पोरं शिकवणीला यायची. ओसरीवर सतरंजी टाकून बसायची. मी कोपऱ्यात डाळ निवडत नाहीतर भाजी चिरत बसायची. कान काही बंद करता येत नाहीत. दिवाळीच्या आधी सहामाही झाली आणि सून पेपर घरी तपासायला घेऊन आली. एकेक पेपर वाचून कपाळाला हात लावत होती.

"काय झालं वं?"

"काही नाही आई. पोरं मठ्ठ आहेत."

"वाचून तर दाखव."

तिनं वाचून दाखवलं. प्रश्न असा होता की म्हशीने मास्तरांना मारलं, याचं इंग्रजी करा. बहुतेक मुलांनी कमी-जास्त एकच लिहिलं होतं: बाय बफेलो टू टीचर हिट. एकीनं 'मला ताप आला' याचं 'टू मी फीवर केम' केलं होतं. 'ती माझ्याहून मोठी' याचं 'शी इज बिग फ्रॉम मी'.

"मंग याच्यात चुकलं काय?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"सगळंच. इंग्रजीत म्हशीच्या आधी बाय येतच नाही. टीचरच्या आधी टू येत नाही. आणि मोठी असेल तर 'दॅन मी' म्हणायचं, फ्रॉम नाही."

"पन भितीवर तर तसंच लिहिलं हाय. तूच तर रोज म्हनून घेते."

ती लाल शाईच्या पेनानं रेघा मारत राहिली.

मी तेवढ्यावर सोडायला हवं होतं. पण मला त्या 'ने'नं पकडलं. दोन दिवस तेच डोक्यात. भाकरी थापताना एक गोष्ट ध्यानात आली, आणि मी तिला हाक मारली.

"हे पाय. मी भात खाल्ला. त्यानं भात खाल्ला. खानं तर दोघाईचं सारखंच. मंग त्याले 'ने' हाय, अन् माह्या 'मी'ले काऊन नाई?"

ती दारात उभी राहिली. "मी, तू, आम्ही, तुम्ही, यांना 'ने' लागत नाही, आई. नियमच आहे."

"नियम असू दे. इंग्रजीत बाय हे 'ने'चं असतं, तर मी खाल्लं तेव्हा बाय नाई अन् त्यानं खाल्लं तेव्हा बाय, असं लिहा लागीन ना. तसं लिहितात का इंग्रज?"

"नाही. दोन्हीकडे काही नाही. आय एट, ही एट."

"मंग 'ने' म्हंजे बाय नव्हेच."

तिला ते ठाऊक होतं. एम.ए. झालेली बाई, तिला ठाऊक नसेल का? पण ठाऊक असणं वेगळं आणि मुख्याध्यापकांच्या तक्त्यासमोर उभं राहून म्हणणं वेगळं. ती म्हणाली, "आई, तो तक्ता सरांचा आहे. या वर्षी मला त्यावर काही बोलायचं नाहीये." मी म्हटलं, बरं. आणि मला वाटतं तेव्हा मी ते मनापासून म्हटलं होतं.

संक्रांतीला ती मुख्याध्यापकांकडे तिळगूळ द्यायला निघाली. एकटी कशी जाऊ म्हणून मला घेऊन गेली. सर पातूरकडच्या एका खेड्यातले. शाळेत एकदम शुद्ध बोलत, पण घरी बनियनवर बसलेले, बोलणं आमच्यासारखंच. बायकोनं चहा आणला. सरांनी मला विचारलं, "माय, तुमी किती शिकल्या?"

"चौथी."

"जुनी चौथी म्हंजे आताचं बी.ए. विभक्त्या येतात का अजून?"

मला परीक्षा घेतलेली आवडत नाही. पण येत होतं ते म्हटलं. स ला ते, स ला ना ते. ने ए शी, नी शी ई ही. ऊन हून. चा ची चे. त ई आ. श्वास न घेता म्हटलं. सर खूश झाले. गुडघ्यावर थाप मारून सुनेला म्हणाले, "पाहा मॅडम. हा पाया. हा पक्का असला की इंग्रजी आपोआप येते. मी याच्यावरच शिकलो. आमच्या गावाले इंग्रजीचा मास्तरच नव्हता. मी मराठीच्या व्याकरनासमोर डिक्शनरी ठेवून तो तक्ता केला, म्हनून मॅट्रिक निघालो."

आणि माझ्या तोंडून गेलं, "सर, तुमच्या तक्त्यानं तुमी निघाले असान, पन आताचे पोरं म्हशीच्या मांगं-पुढं बाय लावून राहिले. पेपर पाहा एकदा."

सरांची बायको आत गेली. सर माझ्याकडे बघत राहिले, मग सुनेकडे. मग एकदम शाळेतल्या आवाजात म्हणाले, "मॅडमचंही तेच मत आहे का?"

ती 'नाही' म्हणू शकली असती. मी तिच्या जागी असते तर म्हटलं असतं. ती म्हणाली, "सर, तृतीयेच्या ओळीत मुलांचा गोंधळ होतो. खरं आहे."

"ठीक आहे. पुढच्या महिन्यात संस्थेचे लोक पाठ पाहायला येणार आहेत. तुमचा पाठ हाच ठेवा. तक्ता न वापरता शिकवून दाखवा." उठताना मला म्हणाले, "माय, तुमीही या पाहाले."

घरी आल्यावर ती कपडे बदलून स्वयंपाकाला लागली. भाजी फोडणीला टाकताना पाठमोरीच म्हणाली, "सात वर्षं झाली, आई."

मी म्हटलं, "मीठ कमी टाक, काल जास्त झालतं."

आठ दिवस घरात कामापुरतं बोलणं. मुलगा शनिवारी आला, त्यानं सगळं ऐकलं आणि मलाच म्हणाला, "माय, तुले काय गरज होती?" गरज नव्हती. खोटं बोलले नव्हते, पण ते मी माझ्या नोकरीवर बोलले नव्हते, तिच्या नोकरीवर बोलले होते. हे त्यानं सांगायला हवं असं नव्हतं, मला कळत होतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी पोरं गेल्यावर ती ओसरीवरच बसून राहिली. पुढ्यात कोऱ्या कागदांचा गठ्ठा. पाठ कसा घ्यायचा ते सुचत नव्हतं. फळ्यावर नियम लिहिला तर पोरं तोही तक्त्यासारखा पाठ करतील, असं ती स्वतःशी पुटपुटली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुमच्या शाळेत विभक्ती कशी शिकवायचे? नुसती पाठच करून घ्यायचे?"

मग मी सांगितलं. आमच्या गुरुजींकडे पुस्तकं नव्हती, पाट्या होत्या. चार-पाच पोरं पुढं बोलवायचे. एकाच्या पाटीवर घोडा, एकाच्या पाटीवर राजा, एकाच्या पाटीवर मारतो. आणि मी बुटकी होते म्हणून माझ्या पाटीवर नेहमी 'ला'. ज्या शब्दाला मी लागायची त्या पोरीच्या मागं उभं राहून तिचा खांदा धरायचा. मी खांद्याला हात लावला की तिनं मान वाकवायची, कारण शब्द प्रत्यय घेताना वाकतो. घोडा नुसता होता तोवर ताठ. मी लागले की घोड्या, मग घोड्याला. शाळा असली तर शाळे, मग शाळेला. मग गुरुजी आम्हाला कुठंही उभं करायचे. राजा घोड्याला मारतो. घोड्याला राजा मारतो. मारतो राजा घोड्याला. रांगेच्या या टोकाला, त्या टोकाला, मध्ये. मी जिच्या खांद्याला, मार तिलाच. जागा कुठलीही असो. पण मी घोड्याचा खांदा सोडून राजाचा धरला, की राजाला मार बसायचा.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "इंग्रजीत खांदा धरणारं कोणी नाही."

"मंग मार कोनाले बसला हे कसं समजते?"

"जागेवरून. जो क्रियापदाच्या आधी उभा तो मारणारा. जो नंतर उभा तो मार खाणारा. शब्द ताठच राहतात. जागा बदलली की सगळं बदललं."

"एकही वाकत नाई?"

"मी, आम्ही, तो, ती, ते असे थोडेच वाकतात. 'आय'चं इंग्रजी 'मी' होतं, म्हणजे आपलं 'मला'. 'ही'चं 'हिम'. म्हणजे तुमचं 'त्याले'."

"मंग त्याइच्यात बी व्हतं म्हना आपल्यासारखं थोडंफार."

"होतं. पूर्वी पुष्कळ होतं म्हणतात. झडून गेलं."

ती उठली आणि कात्री घेऊन आली. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आम्ही कार्डं कापली. मी कापत होते, ती जाड पेनानं लिहीत होती. दुसऱ्या दिवशीपासून शिकवणीची पोरं ओसरीवर उभी राहायला लागली. शेजारीण विचारायची, तुमच्याकडे गॅदरिंगची तयारी चालू आहे का. पोरांमध्ये दोन वेण्यांची एक मुलगी होती, फार तोंडाळ. म्हशीचं कार्ड तिनं हट्टानं मागून घेतलं. कोणी चिडवलं तर म्हणायची, "मी म्हैस आहे तर आहे. मार तर तुलेच बसून राहिला."

पाठाच्या दिवशी मी नऊवारी नेसून गेले आणि मागच्या बाकावर बसले. तिथं बाक फार बुटके. संस्थेचे तिघं खुर्च्यांवर, त्यांच्या शेजारी मुख्याध्यापक. सुनेचा चेहरा कोरा. तिला मी तसं पाहिलं होतं एकदाच, तिचे वडील गेल्याचा फोन आला तेव्हा.

तिनं आधी मराठीची कार्डं दिली. म्हशीने. मास्तरांना. मारलं. तीन पोरं पुढं, आणि 'ने' अन् 'ना' धरणारी दोन पोरं त्यांच्या मागं. सगळ्या जागा बदलून दाखवल्या. वर्गाला विचारलं, मार कोणी खाल्ला? प्रत्येक वेळी मास्तरांनी. मग ती म्हणाली, जागा हलवू नका, फक्त मागचे दोघं अदलाबदल करा. 'ना'चं 'ला' झालं, 'ने'चं 'नी': म्हशीला मास्तरांनी मारलं. वर्ग हसला. मग तिनं प्रत्यय धरणारी दोन्ही पोरं बसवली. म्हैस मास्तर मारलं. आता कोणी कोणाला? कोणाला सांगता येईना. "हे काम प्रत्यय करतात," ती म्हणाली, आणि पुढं गेली.

मग इंग्रजी. द बफेलो. हिट. द टीचर. तीनच पोरं, मागं कोणी नाही. तिनं पहिली आणि तिसरी जागा बदलली आणि वाचायला सांगितलं. टीचरनं म्हशीला मारलं होतं. म्हैसवाली मुलगी म्हणाली, "मॅडम, मी तर जागची हलली अन् मलेच मार बसला."

"का बसला?"

"जागा गेली म्हनून."

"म्हणून म्हशीच्या आधी काही लावायची गरज आहे का?"

"नाई. जागा आहे ना."

इथपर्यंत ओसरीवर झालं होतं तसंच झालं. मग तिनं वाक्य वाढवलं. सोमवारी गोठ्यात म्हशीने मास्तरांना शिंगाने मारलं. आता 'ने' दोन झाले, एक म्हशीला, एक शिंगाला. तिनं पुढच्या रांगेतल्या एका मुलाला इंग्रजी कार्डं लावायला बोलावलं. त्यानं बाय घेतलं आणि म्हशीच्या पुढं ठेवलं. दुसरं बाय शोधायला लागला, शिंगासाठी. सवय. इतकी वर्षं चालीत म्हटलेलं होतं ते.

संस्थेतल्या एकानं पेन खाली ठेवलं. सून गडबडली. मला वाटलं, गेलं.

ती त्या मुलाला रागावली नाही. म्हणाली, "मारायचं काम कोण करतंय?"

"म्हैस."

"मारायला वापरलं काय?"

"शिंग."

"मराठीत दोघांनाही 'ने' चालतं. इंग्रजीत करणारा क्रियापदाच्या आधी जाऊन उभा राहतो, त्याला हात धरायला कोणी नको. पण वापरलेल्या वस्तूला ती जागा नाही. तिच्या पुढं कोणीतरी चालावं लागतं. कोण?"

मागून कोणीतरी म्हणालं, "विथ."

"आणि बसने गेलो तर?"

"बाय."

"म्हणजे एका 'ने'ला काहीच नाही, एकाला विथ, एकाला बाय. सोमवारी याला ऑन, गोठ्यात याला इन. शेपूट बघून इंग्रजी ठरत नाही. शब्द वाक्यात काय करतोय ते आधी विचारा."

त्या मुलानं बाय उचलून बाजूला ठेवलं आणि विथ शिंगाच्या पुढं ठेवलं. ऑन मंडे, इन द काउशेड, द बफेलो हिट द टीचर विथ इट्स हॉर्न. तिनं वाचून घेतलं.

तेव्हा मुख्याध्यापक बोलले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, पण सोडणाराही नव्हता. "मॅडम, 'द टीचर वॉज हिट बाय द बफेलो' हे वाक्य बरोबर आहे की चूक?"

"बरोबर आहे, सर."

"मग बाय आलं की नाही म्हशीला?"

मला इंग्रजी कळलं नाही, पण सर जिंकले असं पोरांच्या तोंडावरून वाटलं. सुनेनं म्हैसवालीला आणि टीचरवाल्याला पुन्हा बोलावलं. टीचरला पुढच्या जागेवर नेलं. "या वाक्यात मार खाणारा पहिल्या जागेवर आला. म्हैस कुठं जाणार?"

"मांगं," ती मुलगी म्हणाली.

"मागं तुला कोणी ओळखेल का, की तूच मारणारी?"

"नाई."

"म्हणून बाय. तिची जागा गेली, म्हणून तिला बाय द्यावं लागलं. मराठीत आपण असं म्हटलं तर 'म्हशीकडून' म्हणू." मग ती सरांकडे वळली. "सर, तुमचा तक्ता याच वाक्यावरून आला असेल. तो खोटा नाही. एकाच जागी खरा आहे."

तिला ते ओसरीवर सुचलं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तयारी करताना ती त्या बायबद्दल कधी बोललीच नव्हती. ते तिथंच उभ्या उभ्या सुचलं.

संस्थेच्या लोकांना पुढं काही विचारायचं नव्हतं, चहा आला होता. पोरं बसली. बाहेर पडताना सर माझ्याजवळ थांबले आणि हळू म्हणाले, "माय, जुन्या पुस्तकात तसंच छापलेलं होतं. म्हशीने मारले, म्हंजे हिट बाय बफेलो. मी तेच पकडून ठेवलं."

"तुमाले शिकवनारंच कोनी नव्हतं," मी म्हटलं. "तुमी केलं ते काई कमी नाई केलं." हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं नाही. एकट्यानं डिक्शनरी घेऊन बसणारा माणूस, त्याला नावं ठेवायला मी कोण. पण संक्रांतीच्या दिवशी हे आधी म्हणायला हवं होतं आणि म्हशीचं नंतर.

महिनाभर काही कळलं नाही. संस्थेतल्या एकाची भाची अर्ज करून बसली होती, असं बोललं जात होतं. सून रोज शाळेत जायची, रोज यायची, पेपर तपासायची. आमचं बोलणं पहिल्यासारखं झालं होतं, पण त्या विषयावर नाही. एकदा तिनं एवढंच म्हटलं, "नाही झालं तर परतवाड्याला जाऊन राहू. तिथं शिकवण्या करीन." मी म्हटलं, मी नाही येत परतवाड्याला, तिथं माझ्या ओळखीचं कुत्रंही नाही. ती हसली. म्हणाली, "मग तुम्हाला इथं कोण बघणार?" मी म्हटलं, भिंत बघेल.

मार्चमध्ये पत्र आलं. सरांनी तिची शिफारस केली होती. जागा तिला मिळाली. ती पत्र घेऊन स्वयंपाकघरात आली, माझ्यासमोर ओट्यावर ठेवलं आणि कणीक मळायला लागली. मी चष्मा लावून वाचलं. पत्र मराठीत होतं. 'आपली इंग्रजी विषयाच्या शिक्षक पदावर नियुक्ती करण्यात येत आहे.' मी तिच्या हातातून परात घेतली आणि म्हटलं, "सोड. तुह्या आईले फोन कर आधी."

तक्ता सरांनी पुसला नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सून घरी येऊन सांगत होती. त्यांनी सुट्टीत स्वतः ब्रश घेऊन तिसऱ्या ओळीतलं बाय तेवढं भिंतीच्या रंगात रंगवून टाकलं. 'ने' ठेवलं, त्याच्यापुढची जागा रिकामी. बाकीच्या ओळी आहेत तशाच, हूनसमोर फ्रॉमसुद्धा. प्रार्थना झाली की पोरं अजून तक्ता म्हणतात. 'ने' म्हणतात आणि तिथं चाल तुटते, कारण पुढं म्हणायला काही नाही. मग एक ठोका थांबून 'ला'वर जातात.

"बाकीचं कधी पुसतील?" मी विचारलं.

"दोन वर्षांनी निवृत्त होतायत," ती म्हणाली. "राहू द्या."

मीही म्हटलं, राहू दे.